चार अक्षरांचा टॅग: बीजीएमआयच्या स्क्वॉडसाठी कसा ठरवायचा

बीजीएमआयमध्ये चार जणांची स्क्वॉड जमली आणि रोज रात्री जेवणं उरकून एकत्र उतरायचं ठरलं, की लगेच विषय निघतो टॅगचा. मग कोणीतरी इंटरनेटवरून नक्षीदार अक्षरं उचलून आणतो, दुसरा त्याला दोन तलवारी आणि एक मुकुट लावतो, आणि तासाभरात चौघांची नावं अशी होतात की ती कोणालाच टाइप करता येत नाहीत. हा लेख नव्याने स्क्वॉड बांधणाऱ्यांसाठी आहे. टॅग इंग्रजी चार अक्षरांचा असेल असं मी धरून चाललो आहे, कारण खेळात, स्पर्धेच्या यादीत आणि यूट्यूबच्या थेट प्रक्षेपणात तोच सगळीकडे सारखा दिसतो.

माझं ठाम मत आधीच सांगतो. टॅग चांगला की वाईट हे प्रोफाइलच्या पानावर ठरत नाही, ते किल फीडमध्ये ठरतं. प्रोफाइलवर नाव मोठं दिसतं आणि बघणाऱ्याकडे वेळ असतो. किल फीडमध्ये तेच नाव बारीक अक्षरात, शेजारी बंदुकीचं चित्र आणि पलीकडे दुसऱ्याचं नाव अशा गर्दीत काही क्षणच दिसतं, तेही समोरचा गोळ्या चुकवत पळत असताना. तेवढ्यात डोळ्यांनी जे टिपलं तोच तुमचा टॅग. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका कसोटीवर उभ्या आहेत.

जागा किती आहे ते आधी मोजा

बीजीएमआयमध्ये टॅग आपल्या नावाच्या सुरुवातीला आपणच लिहायचा असतो, म्हणजे तो नावाची जागा खातो. नावाला साधारण १४ अक्षरांची जागा मिळते. चार टॅगला गेली की दहा उरतात. मध्ये x किंवा एखादी खूण घातली तर नऊ. म्हणून टॅग ठरवण्याआधी चौघांची खेळातली नावं कागदावर लिहा आणि सगळ्यात लांब नावाची अक्षरं मोजा. त्याला नाव छाटायला लागणार असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. टॅग ठरल्यावर कळलं की हटकून भांडण होतं, कारण आपलं जुनं नाव सोडायला कोणी तयार नसतो.

आता एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. समजा वाईची एक स्क्वॉड आहे. खेळातली नावं आहेत omya, rutu, bablya आणि kedar. सगळ्यात लांब bablya, सहा अक्षरांचं. टॅगसकट दहा होतात, म्हणजे जागेची अडचण नाही.

शब्द गोळा करा, पण तुमच्याच गावातून आणि खेळातून

प्रत्येकाने पाच-पाच पर्याय लिहायचे आणि लिहून होईपर्यंत एकमेकांना दाखवायचे नाहीत. दाखवले की पहिल्याच पर्यायावर सगळे अडकतात. DARK, KING, DEAD, EVIL असे पर्याय येतीलच, ते येऊ द्या आणि पहिल्याच फेरीत खोडा. चार इंग्रजी अक्षरांच्या जोड्या ४,५६,९७६ होतात, पण त्यातल्या उच्चारता येतील आणि काही अर्थ देतील अशा फार थोड्या आहेत. इंग्रजीतल्या रोजच्या चार अक्षरी शब्दांवर तर जगभरातल्या स्क्वॉड कधीच जाऊन बसल्या आहेत. मराठीतले, त्यातही आपल्या मुलखातले शब्द तुलनेने मोकळे आहेत.

वाईच्या चौघांची यादी अशी झाली असं धरू: MH11, ORBK, VAGH, DHAR, SULK, DONG, ZUNJ. वरवर पाहता सगळे चालण्यासारखे वाटतात. एकेक तपासू.

MH11 हा साताऱ्याच्या गाड्यांचा क्रमांक. आपल्याकडे हा मोह प्रत्येक जिल्ह्यात होतो. कोल्हापूरकर MH09 लावतात, पुणेकर MH12. बरोब्बर चार अक्षरं, वर गावाचा अभिमान. पण तो टॅग सगळ्या जिल्ह्याचा झाला, तुमच्या स्क्वॉडचा नाही. त्याच लॉबीत दुसरी MH11 भेटण्याची शक्यता खरीखुरी आहे. शिवाय बारीक अक्षरात 11 म्हणजे दोन काड्या, त्या एक आहेत, एल आहेत की आय आहेत हे कळत नाही. गाव दाखवायचं असेल तर क्लॅनच्या माहितीत लिहा, तिथे ते शोभतं.

ORBK ही चौघांच्या नावांची आद्याक्षरं. नव्या स्क्वॉडला हा पर्याय सगळ्यात न्याय्य वाटतो, कारण सगळ्यांचा वाटा सारखा. पण बारावीची परीक्षा आली, कोणाची नोकरी लागली, कोणाचा फोन बिघडला, की चारातला एक जण जातो आणि टॅगमधलं एक अक्षर अनाथ होतं. मोबाइलवरच्या स्क्वॉड टिकल्या तरी माणसं बदलतात. टॅग माणसांवर बांधू नका.

VAGH चांगला वाचता येतो, पण वाघ, सिंह, गरुड आणि नाग यांच्यावर प्रत्येक तालुक्यात कोणी ना कोणी आधीच हक्क सांगितलेला असतो. DHAR दिसायला देखणा आहे आणि डोंगराची धार सह्याद्रीत भटकणाऱ्या कोणालाही आवडेल, पण मध्य प्रदेशात धार नावाचं शहर आणि जिल्हा आहे. तिथल्या पोरांनी तो लावला तर हक्क त्यांचाच. SULK म्हणजे सुळक्याचा तुकडा हे फक्त तुम्हाला माहीत. बाकी सगळे तो इंग्रजी शब्द म्हणून वाचतील आणि त्याचा अर्थ रुसून बसणं असा आहे. DONG तर डोंगरातून कापून काढला की इंग्रजीत थेट अश्लील होतो. असले शब्द खेळाची गाळणी अडवू शकते, आणि नाही अडवलं तरी स्पर्धा घेणारे नाव बदलून या म्हणतील. म्हणून मराठी शब्द छाटून टॅग केला की तो आधी इंग्रजी आणि हिंदीत वाचून पाहायचा, हा नियमच करा.

उरला ZUNJ. तो पुढे नेऊ.

बारीक अक्षरात तपासा

खेळ सुरू असताना कोणत्याही सामन्याचा स्क्रीनशॉट घ्या, ज्यात किल फीडच्या तीन-चार ओळी दिसत असतील. त्यातली नावं पूर्ण मोठी न करता वाचून पाहा. कुठले टॅग पटकन वाचता आले आणि कुठे अडखळलात ते लिहा. पाच मिनिटांत तुम्हाला कोणताही लेख सांगू शकणार नाही इतकं कळेल. मग आपले पर्याय फोनच्या नोट्समध्ये लहानात लहान अक्षरात लिहा, उजेड कमी करा, हात लांब करा आणि टॅग माहीत नसलेल्या मित्राला वाचायला सांगा.

अडखळण्याची कारणं ठरलेली आहेत. मोठा I, लहान l आणि 1 हे तिन्ही बारीक अक्षरात एकच उभी रेघ वाटतात. O आणि 0 यांचंही तेच. लहान r आणि n शेजारी आले की m दिसतो. S आणि 5, B आणि 8 हे घाईत एकमेकांत मिसळतात. यातलं एखादं अक्षर टॅगमध्ये असलं म्हणून बिघडत नाही, पण दोन आली की समोरचा तुमचा टॅग दरवेळी वेगळा वाचणार.

धारदार दिसण्याचं गणितही इथेच आहे. K, V, N, Z, A, X यांत तिरप्या रेघा आणि टोकं आहेत. O, C, G, S गोल आहेत. चारही अक्षरं टोकदार घेतली तर टॅग काटेरी कुंपणासारखा दिसतो आणि कशावरच नजर ठरत नाही. तीन टोकदार आणि एक गोल हे प्रमाण मला सगळ्यात नीट वाटतं. ZUNJ या कसोटीवर बरा उतरतो, फक्त शेवटचा J बारीक अक्षरात आखडतो आणि I सारखा वाटतो. नेमकं शेवटचं अक्षर कमजोर असणं वाईट, कारण तिथेच पुढे खेळाडूचं नाव चिकटतं.

मोठ्या संघांनी चार अक्षरं कशी वापरली ते इथे पाहण्यासारखं आहे. FaZe ने मधला Z मोठा ठेवला, त्यामुळे शब्दाला मधोमध एक कोन मिळाला. युक्रेनच्या नॅटस विन्सेरे या संघाने दोन लॅटिन शब्दांची पहिली दोन-दोन अक्षरं घेतली आणि NAVI केलं, जे कोणीही एका दमात म्हणतो. आपल्याकडचं सगळ्यात हुशारीचं उदाहरण S8UL. नमन माथूर म्हणजे मॉर्टल याचा सोल आणि अनिमेश अगरवाल म्हणजे ठग याचा एटबिट हे २०२० मध्ये एकत्र आले, आणि सोलमधल्या O च्या जागी 8 बसला. आकार O च्या जवळचा असल्याने शब्द अजूनही सोल असाच वाचला जातो, आणि आकडा मात्र एटबिटचा आहे. नव्या स्क्वॉड याची नक्कल म्हणून A च्या जागी 4 आणि E च्या जागी 3 घालतात. त्या आकड्याला काही कारण असेल तरच घाला. कारण नसेल तर वाचणाऱ्याला फक्त एक जादा अडथळा होतो. आणि SOUL, GODL असे ओळखीच्या संघांचे टॅग स्वतःच्या नावाला लावू नका. तुम्ही कितीही चांगलं खेळलात तरी समोरच्याला तुम्ही नकली वाटणार.

ज्यावर अडलं तिथे थोडं वाकवा

वाईच्या चौघांकडे आता एकच शब्द उरला आणि त्याला दोन अडचणी. एक, J कमजोर. दोन, झुंज हा शब्द सगळ्या महाराष्ट्राच्या ओठांवर आहे, तेव्हा दुसऱ्या कोणाला सुचला नसेल असं धरता येत नाही. अशा वेळी शब्द टाकून देऊ नका, त्याच्या नात्यातले शब्द पाहा. झुंजवरून झुंझार येतो, आणि त्याचा पहिला तुकडा ZUNZ असा लिहिता येतो.

आता दिसणं पाहा. दोन्ही टोकांना Z, मध्ये U आणि N. N म्हणजे आडवा पाडलेला Z, त्यामुळे तीन अक्षरं एकाच घडणीची आणि एक गोल बुडाचं. नजर डावीकडून निघाली तरी आणि उजवीकडून निघाली तरी आधी Z वर आदळते. किल फीडमध्ये अर्धा टॅग दिसला तरी ओळखू येतो. एक कमतरता आहेच: घाईत Z हा 2 सारखा दिसतो, आणि कोणाला खोडी काढायची असेल तर तो 2UNZ लावू शकेल. ही अडचण मी पत्करेन, कारण 2 ने सुरू होणारा शब्द वाचणारा आपोआप Z धरूनच वाचतो.

यानंतर कानाची परीक्षा. मित्राला फोन लावा, टॅग एकदाच उच्चारा आणि त्याला लिहायला सांगा. ZUNZ इथे पूर्ण उतरणार नाही हे आधीच सांगतो. मराठी माणूस JHUNJ लिहील, हिंदी भाषक JUNJ, कोणी ZHUNZ. झ असलेल्या कुठल्याही टॅगचं हेच होणार. मग दुसरी परीक्षा घ्या: अक्षरं सुटी सांगा, झेड यू एन झेड. सुरुवात आणि शेवट एकच असल्याने हे एकदा ऐकून लक्षात राहतं. दोन्ही परीक्षांत नापास होणारा टॅग सोडा. एका परीक्षेत पास झाला तर ठेवा, पण तुम्ही चौघांनी तो एकाच पद्धतीने सांगायचा हे ठरवा.

कोणी आधीच घेतलाय का ते शोधा

खेळातला खेळाडू शोधण्याचा रकाना पूर्ण नाव मागतो, म्हणून फक्त चार अक्षरं टाकून त्या टॅगचे सगळे खेळाडू मिळणार नाहीत. तरी टॅगच्या मागे तुमची चार नावं आणि दोन-चार प्रचलित शब्द जोडून शोधा. मग क्लॅनच्या पानावर तेच नाव टाका. सगळ्यात जास्त उपयोग यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर होतो, कारण टॅग मिरवणाऱ्या स्क्वॉडचं काही ना काही तिथे असतंच. टॅगसोबत बीजीएमआय आणि मग फ्री फायर असे शब्द जोडून दोनदा शोधा.

ZUNZ साठी नुसता शोध घेतला तर लिओपोल्ड झुन्झ या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन विद्वानाचं आडनाव समोर येतं. त्याने आपलं काही अडत नाही, क्षेत्रच वेगळं आहे. अडतं ते याच खेळातली, याच भाषेतली, रोज व्हिडिओ टाकणारी स्क्वॉड सापडली तर. तशी सापडली तर वाद न घालता मागे फिरा आणि यादीतला पुढचा शब्द वाकवा. दोन वर्षांपूर्वी एखादा व्हिडिओ टाकून गप्प बसलेल्या चॅनलसाठी मात्र टॅग सोडायची गरज नाही.

नक्षीदार अक्षरांचा मोह

झगमगीत नावं बनवून देणाऱ्या वेबसाइट अक्षरं सजवत नाहीत, त्या दुसरीच अक्षरं देतात. गणितातल्या चिन्हांचा जाड Z, ग्रीक लिपीतला Ζ, X च्या जागी वापरला जाणारा जपानी メ, ही सगळी युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्हं आहेत. डोळ्याला ती इंग्रजी वाटली तरी फोनला वाटत नाहीत. परिणाम असा की मित्र तुमचं नाव टाइप करून शोधतो आणि काहीच मिळत नाही. ज्या फोनच्या फॉन्टमध्ये ते चिन्ह नाही तिथे रिकामा चौकोन दिसतो. स्पर्धेची नोंदणी करताना तुम्ही साधं ZUNZ लिहिता आणि कस्टम रूममध्ये नक्षीचं नाव येतं. नावं जुळत नाहीत म्हणून रूम चालवणारा तुम्हाला स्लॉटमधून काढतो, आणि सामना सुरू होईपर्यंत त्याला समजावत बसायला वेळ नसतो.

देवनागरीत टॅग का नको, असंही कोणी विचारेल. भावना मला पटते. अडचण मोजणीची आहे. फोन काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हे सुटे धरतो. आपल्याला झुंझार हा तीन अक्षरांचा शब्द दिसतो, फोन त्यात सहा चिन्हं मोजतो: झ, उकार, अनुस्वार, झ, काना, र. चारच्या हिशोबात तो बसत नाही आणि नावाची जागा संपवतो.

टॅग आणि नाव यांचा सांधा

इथे बहुतेक जण चुकतात, म्हणून जरा थांबू. टॅग एकटा कधीच दिसत नाही, त्याला नाव चिकटलेलं असतं. ZUNZBABLYA असं सगळं मोठ्या अक्षरात लिहिलं की टॅग कुठे संपला ते कळत नाही आणि डोळा ZUNZBA वर अडतो. ZunzBablya जरा बरं. ZUNZbablya सगळ्यात स्वच्छ, कारण मोठी अक्षरं संपून लहान सुरू होतात तिथेच सांधा दिसतो, आणि त्यासाठी वेगळं अक्षर खर्च होत नाही. चौघांची नावं एकाखाली एक लिहून पाहा:

```
ZUNZomya
ZUNZrutu
ZUNZbablya
ZUNZkedar
```

निकालाच्या पानावर ती अशीच दिसणार आहेत. चारही ओळींत टॅगचा ठोकळा सारखा दिसतो आणि लहान अक्षरांपासून नाव सुरू होतं. एकाचंही नाव या साच्यात बसत नसेल, समजा कोणाचं नाव z नेच सुरू होतं, तर त्या एकासाठी वेगळी पद्धत करू नका. चौघांनीही मध्ये x घाला. टॅगचा सगळा जोर चार ओळी एकसारख्या असण्यात आहे.

नावं बदलण्याचा दिवस

आता कार्डाची वेळ. नाव बदलायला रिनेम कार्ड लागतं. ते बक्षिसातून मिळतं किंवा यूसी देऊन घ्यावं लागतं. इन्व्हेंटरीत ते सापडतं, तिथून वापरायचं. नाव आधीच कोणाकडे असेल तर खेळ ते स्वीकारत नाही, म्हणून प्रत्येकाने एक पर्यायी नाव तयार ठेवावं, त्याच साच्यातलं, उदाहरणार्थ ZUNZomkar.

आधी एकानेच नाव बदलावं, आणि ते ज्याचं नाव सगळ्यात लांब आहे त्याने, म्हणजे इथे bablya ने. मग आठवडाभर तो तेच नाव घेऊन खेळेल आणि बाकीचे किल फीड बघतील. अनोळखी खेळाडूंनी टॅग कसा उच्चारला, कोणी विचारलं का, कोणाला वाचताच आला नाही का, हे ऐकून ठेवा. खोट निघाली तर एकच कार्ड गेलं. सगळं ठीक वाटलं की उरलेल्या तिघांनी एकाच दिवशी बदल करावा.

स्पर्धेची नोंदणी झालेली असेल किंवा स्क्रिम म्हणजे सरावाचे सामने चालू असतील तर मध्येच नाव बदलू नका. आकड्यांचा कॅरेक्टर आयडी नाव बदललं तरी तोच राहतो, पण रूम चालवणारा घाईत आयडी नाही, नाव बघतो. बदल अटळ असेल तर नवं नाव आणि आयडी दोन्ही आदल्या दिवशीच आयोजकांना कळवा आणि त्यांचं उत्तर आल्याशिवाय कार्ड वापरू नका.

शेवटचं काम व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये करायचं. टॅगचं नेमकं लिखाण, मोठी आणि लहान अक्षरं कुठे ते सकट, ग्रुपच्या माहितीत चिकटवून ठेवा, म्हणजे पाचवा खेळाडू आला की तिथूनच कॉपी करेल. आणि कोणी स्क्वॉड सोडली तर त्याने टॅग किती दिवसांत काढायचा हे आजच ठरवा, चौघं एकत्र खेळत असतानाच. जाणाऱ्याकडे कार्ड नसेल तर ते बाकीच्यांनी मिळून द्यायचं.